महिना पन्नास हजार, पण देणार कोण?

प्रश्न : मी 26 वर्षांची आहे. बी.कॉम. झाले, सांगलीत एका कापड दुकानात हिशेब बघते, पगार 14,000. मागच्या रविवारी 99 रुपये भरून व्हिडिओ एडिटिंगचं एक ऑनलाइन वेबिनार पाहिलं. शेवटी त्यांनी तीन महिन्यांचा कोर्स सांगितला. नव्वद दिवसांत घरबसल्या महिना 50,000. फी एरवी 60,000, पण त्या रात्री बारापर्यंत भरली तर 24,999. हप्त्यांची सोय आहे, पैसे परत मिळण्याची हमीही आहे. मी भरले नाहीत, पण रोज फोन येतो की तुमच्यासाठी एक सीट धरून ठेवली आहे. शिकायची इच्छा खरी आहे. भरावेत का?

उत्तर : कोर्स चांगला आहे की वाईट, हे नंतर बघू. आधी मला सांगा, ते 50,000 रुपये दर महिन्याला तुमच्या खात्यात कोण टाकणार आहे? कोर्सवाले तर नक्कीच नाहीत. कुणीतरी मिठाईवाला, दंतवैद्य, लग्नाचे फोटो काढणारा, किंवा यूट्यूबवर चॅनेल चालवणारा तुम्हाला काम देईल आणि पैसे मोजेल. तो माणूस वेबिनारमध्ये दोन तासांत एकदाही दिसला नसणार. त्याला शोधायचं काम तुमचं, आणि तो सापडेपर्यंत फीचा विचार करायचा नाही, असं माझं मत आहे.

एका रीलचंच काम घेऊ. मिठाईच्या दुकानासाठी एक मिनिटाची रील करायची आहे. मालकाच्या पुतण्याने मोबाइलवर वीसेक मिनिटांचं चित्रण करून पाठवलंय. ते सगळं बघायचं, त्यातले कामाचे तुकडे वेगळे काढायचे, जोडायचे. कढईचा आवाज मोठा, मालकांचं बोलणं बारीक, ते एका पातळीवर आणायचं. खाली मराठी अक्षरं द्यायची. आपोआप उमटणारी मराठी अक्षरं हमखास चुकतात, बासुंदीची भलतीच काहीतरी होते, म्हणून ती हाताने दुरुस्त करायची. मग रील व्हॉट्सॲपवर पाठवायची. तिथे व्हिडिओ दाबला जातो आणि मालक म्हणतात, धुरकट दिसतंय. तेव्हा कळतं की फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला हवी होती. शेवटी ‘फोन नंबर जरा मोठा करा’ आणि ‘माझा फोटो आधी घ्या’ अशा दोन फेऱ्या होतात. नवशिक्याचे यात साडेचार तास जातात असं धरू.

समजा एका रीलचे 500 रुपये मिळाले. 50,000 साठी महिन्याला 100 रील लागतील. साडेचार तासांप्रमाणे ते होतात 450 तास, म्हणजे एकही सुटी न घेता रोज पंधरा तास. दुकानातली नोकरी सोडली तरी हे जमणार नाही. आता हात बसल्यावर वेळ निम्मा झाला आणि दर दुप्पट झाला असं धरा. मग 50 रील आणि साधारण 112 तास, हे माणसाच्या आवाक्यातलं आहे. म्हणजे 50,000 हा आकडा थापच आहे असं मी म्हणत नाही. पण महिन्याला आठ रील घेणारी सहा-सात गिऱ्हाइकं कायमची बांधलेली असतील तेव्हा तो आकडा येतो, आणि वेळेवर पैसे देणारं एक गिऱ्हाईक टिकवायला किती नाकी नऊ येतात ते दुकानात बसून तुम्ही रोज बघता. नव्वद दिवसांत हे होईल असं सांगणाऱ्याने कधी गिऱ्हाईक सांभाळलेलं नसावं.

माझे 500 रुपये धरून चालू नका. तुमच्या गावचा दर तुम्हीच काढा. येत्या रविवारी पाच जणांना भेटा : दोन लग्नाचे फोटोग्राफर, एखादा दवाखाना, एखादं खाण्याचं दुकान, एखादा क्लासवाला. शिकतेय म्हणून सांगा आणि तीन गोष्टी विचारा. सध्या तुमचं एडिटिंग कोण करतं? त्याला काय देता? आणि त्याच्या कामात कशाचा वैताग येतो? दराबद्दल माणसं हातचं राखून बोलतात, वैतागाबद्दल मात्र मनापासून सांगतात. फोटोग्राफर बहुधा म्हणेल की लग्नसराईत काम तुंबतं आणि एडिट करणारा फोन उचलत नाही. ही तुमच्यासाठी वाट आहे. पाचातले चार जण ‘घरातलं पोरगं करतं, फुकट’ म्हणाले, तर तेही उत्तरच आहे, आणि ते 24,999 रुपयांच्या आधी मिळालेलं बरं.

आता तुमच्या कोर्सवाल्यांकडे वळू. वेबिनार 99 रुपयांचं का, फुकट का नाही? कारण 99 भरणाऱ्याचा फोन नंबर खरा असतो, ऑनलाइन पैसे भरायची त्याला सवय असते, आणि एकदा पैसे भरले की माणूस शेवटपर्यंत बसून ऐकतो. रोजचे फोन त्यातूनच आले. ‘आज रात्री बारापर्यंत’ हे खरं की खोटं ते तपासायला तेच पान दुसऱ्या फोनवरून उघडा. उलटं मोजणारं घड्याळ तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं दिसलं, तर मुदत नावापुरती आहे असं समजा. आणि सीट कसली धरून ठेवतात? आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या धड्यांना खुर्च्या नसतात.

कमाईचे स्क्रीनशॉट दाखवले असतीलच. संगणकाच्या ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावरचा आकडा बदलून त्याचं चित्र घेता येतं, त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण चित्र खरं असलं तरी खरा प्रश्न उरतोच : हे पैसे कशाचे आले? एडिटिंगचे, की कोर्स दुसऱ्याला विकल्याच्या कमिशनचे? अशा बऱ्याच कोर्सांच्या पोटात एक धडा असतो, ‘आमच्याबरोबर कमवा’. एखाद्या ओळखीच्याला भरती केलं की फीतला मोठा हिस्सा तुम्हाला. यशोगाथा सांगणारे अनेकदा याच मार्गाने कमावत असतात. त्यांना व्हिडिओ कापायला येतो की नाही, याचा त्या कमाईशी संबंध नसतो.

समजा एका भरतीमागे 10,000 कमिशन आहे. 50,000 साठी महिन्याला पाच जण आणायचे. तुम्ही पाच आणलेत, त्या पाचांनी आपापल्या पहिल्या महिन्यात पाच-पाच आणले, आणि हे असंच पुढे चाललं, तर आठव्या महिन्याअखेर एकूण भरती 4,88,280 होते. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका क्षेत्राची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे पाळण्यातली बाळं आणि वृद्धाश्रमातले आजोबा धरून अख्ख्या शहराने एडिटिंगचा कोर्स घ्यायला हवा, आणि नवव्या महिन्यात कुणाला विकायचं हा प्रश्न उभाच. कमाई कामातून न होता मुख्यतः नव्या भरतीतून होणाऱ्या योजनांवर आपल्याकडे 1978 पासून बंदीचा कायदा आहे, आणि थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. शिफारशीबद्दल थोडं कमिशन देणं म्हणजे लगेच गुन्हा होत नाही. पण कोर्सच्या जाहिरातीतली बहुतेक कमाई त्याच वाटेने येत असेल, तर तिथे शिकवणं हे निमित्त आहे.

त्यामुळे फोन येईल तेव्हा एकच विचारा : वर्षभरापूर्वीच्या बॅचमध्ये एकूण किती जण होते आणि त्यातले किती जण आज एडिटिंगच्या कामावर कमावतात? दहा जणांची नावं सांगतील. ती दहा जणं किती जणांमधली, ते सांगणार नाहीत. मग लिंक्डइनवर कोर्सचं नाव शोधून, त्यांनी न सुचवलेले दोन-तीन जुने विद्यार्थी स्वतः गाठा. पहिलं पैशाचं काम कुणी दिलं, किती दिवसांनी आणि किती रुपयांचं, एवढंच विचारा. कोर्स आवडला का हे विचारू नका. पैसे भरलेल्या माणसाला तो आवडलेलाच असतो.

फीच्या कागदांचंही बोलायला हवं, कारण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत सगळ्यात जास्त हळहळ इथे असते. 24,999 च्या खाली बारीक अक्षरात ‘अधिक जीएसटी’ असेल, तर 18 टक्के धरून रक्कम 29,499 होते. ‘हप्त्यांची सोय’ हे बहुतेक वेळा तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. एखादी वित्तकंपनी कोर्सवाल्यांना फी एकरकमी देते आणि तुम्ही त्या वित्तकंपनीचे देणेकरी होता. सहा हप्ते धरले तर महिन्याला जवळजवळ 4,917, म्हणजे तुमच्या पगाराचा तिसरा हिस्सा. बिनव्याजी म्हणाले तरी ते कर्जच, आणि ते तुमच्या क्रेडिट अहवालात दिसतं. कोर्स दुसऱ्या आठवड्यात बंद पडला तरी हप्ता कापला जातो, कारण वित्तकंपनीच्या लेखी तिने पैसे दिलेले आहेत. ओटीपी सांगण्याआधी कर्जाचं मुख्य माहितीपत्रक मागा. त्यात कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव, वार्षिक दर आणि सगळे आकार असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे डिजिटल कर्जातून दंड न भरता बाहेर पडायला काही मुदत द्यावी लागते, पण ती एका दिवसाचीही असू शकते. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून सुटता येतं. अडचण अशी की तोवर मुद्दल कोर्सवाल्यांच्या खिशात गेलेलं असतं आणि ते त्यांच्याकडूनच परत मिळवावं लागतं.

आणि ती परताव्याची हमी. अटी नीट वाचल्यात तर असं काहीसं सापडतं : परतावा सात दिवसांत मागायचा, पण मागण्याआधी सगळे धडे पूर्ण केलेले हवेत, आणि धडे मात्र दर आठवड्याला एक असे उघडतात. दोन्ही अटी एकाच वेळी पाळणं अशक्य आहे, म्हणजे हमी कागदावर आहे आणि पैसे कधीच परत मिळणार नाहीत. फोनवर बोलणारा म्हणेल, ‘मॅडम, तसं काही नसतं, मी आहे ना.’ त्याला म्हणा, हेच ईमेलवर लिहून पाठवा. बहुतेकदा फोन तिथेच थांबतात.

मग शिकायचंच नाही का? शिका ना. एडिटिंगचे धडे आज विकत घ्यायची गरजच नाही. डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती रील आणि लग्नाच्या फिल्मला पुरते, आणि ते बनवणारी कंपनी आपल्या संकेतस्थळावर शिकायची पुस्तकं आणि सरावाचं चित्रण फुकट देते. खर्च वेगळ्याच ठिकाणी दडलेला असतो. त्या सॉफ्टवेअरला 16 जीबी रॅम असलेला संगणक लागतो म्हटलं तरी चालेल. घरचा 8 जीबीचा लॅपटॉप त्यावर रडतो, हे कोर्सवाले फी भरून झाल्यावर सांगतात. मोबाइलच्या चित्रणात एक खोड असते, दर सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चौकटींची संख्या कमीजास्त होते. त्यामुळे लांब चित्रणात ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जातो. असल्या अडचणी स्वतः अनुभवल्याशिवाय कोर्सकडून काय हवंय हे कळत नाही.

म्हणून सहा आठवडे रोज तासभर बसा आणि तीन पूर्ण रील करा, त्यातली एक भेटलेल्या पाचांपैकी कुणासाठी तरी. मग बघा, अडतंय कुठे. ‘रंग जुळत नाहीत, दुकानातला पिवळा उजेड जात नाही’ असं बोट ठेवून सांगता आलं, तर फी देण्याजोगी गोष्ट सापडली. कारण फीच्या बदल्यात खरोखर मोलाचं काय मिळतं, तर जाणकार माणसाने तुमचं काम बघून चूक दाखवणं. म्हणून कोर्सवाल्यांना विचारा, माझं काम कोण तपासणार, आठवड्याला किती वेळा, आणि त्या एका माणसाकडे किती विद्यार्थी आहेत? ‘आमचा ग्रुप आहे, तिथे टाका’ हे उत्तर आलं तर तो ग्रुप फुकट कुठेही मिळतो. त्यापेक्षा पुण्याच्या एफटीआयआयच्या लघुअभ्यासक्रमांचं वेळापत्रक आणि फी एकदा बघून ठेवा. नाव मोठं आहे म्हणून सांगत नाही, तर किती दिवसांच्या शिकवणीला किती पैसे पडतात याची तुलना करायला एक खुंटी हवी म्हणून.

माझा स्वतःचा ठोकताळा असा : ज्यांनी आधीच होकार दिलाय त्यांच्याकडून तीन महिन्यांत जेवढं मिळेल, त्याहून फी जास्त नको. तुमची दोन गिऱ्हाइकं ठरली, मिळून महिन्याला आठ रील, 4,000 रुपये, तर मर्यादा 12,000. कोर्सवाल्यांची 29,499 फी वसूल व्हायला याच वेगाने सात महिन्यांहून जास्त लागतील, आणि ते सुद्धा लॅपटॉपचा खर्च न धरता. या कोर्सला माझं उत्तर नाही असंच आहे.

पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मला एडिटिंगपेक्षा महत्त्वाची वाटली. तुम्ही हिशेब बघता. जीएसटीचं काम दर महिन्याला उगवतं, बहुतेक मासिक विवरणं भरणाऱ्यांना जीएसटीआर-1 अकरा तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-3बी वीस तारखेपर्यंत द्यावं लागतं, त्यामुळे पैसे देणारं गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. सांगलीतल्या सीएंच्या कार्यालयात वीस तारखेच्या आधी एकदा डोकावलात तर ते दिसेल. टॅलीप्राइम शैक्षणिक अवस्थेत परवान्याशिवाय चालतं. नोंदी फक्त महिन्याच्या 1, 2 आणि 31 तारखेच्या करता येतात, पण सरावाला तेवढं पुष्कळ. दुकानाच्या मागच्या महिन्याची बिलं त्या तारखांना टाकून खरेदीवरचा कर आणि विक्रीवरचा कर जुळवून पाहा. त्यात गोडी वाटली तर हा रस्ता जवळचा आहे. रील संध्याकाळी करा.

प्रश्न : माझा भाऊ 35,000 भरून ऑप्शन ट्रेडिंगचा कोर्स करणार म्हणतो. रोज दोन हजार सुटतात असं त्याचे सर म्हणतात. हे कौशल्य म्हणायचं का?

उत्तर : पुन्हा तोच प्रश्न, देणार कोण? इथे पैसे देणारा म्हणजे समोरचा ट्रेडर, आणि दोघांकडून दलाली आणि कर जातो तो वेगळाच. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडला. शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात होत्या, आणि सगळा खर्च वजा जाता लाखापेक्षा जास्त नफा झालेले फक्त 1 टक्का. 2024-25 या वर्षातही 91 टक्के तोट्यातच राहिले. सरांचा रोजचा दोन हजारांचा झरा खरा असेल, तर 35,000 साठी त्यांना अठरा दिवस पुरतात, मग ते शिकवत का बसलेत हे भावाला विचारायला सांगा. आणखी एक खूण : सेबीच्या जानेवारी 2025 च्या परिपत्रकाने नुसतं शिक्षण देणाऱ्याला किमान तीन महिने जुनेच भाव वापरायला सांगितलं. सर चालू बाजारात ‘आत्ता घ्या’ म्हणत असतील तर ते सल्ला देत आहेत, आणि त्यासाठी सेबीची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर ताडून पाहा.

प्रश्न : आमच्याकडून फी भरून झाली आहे. कोर्स जाहिरातीसारखा नाही. आता काय?

उत्तर : आधी पुरावे गोळा करा, कारण जाहिरातीचं पान उद्या बदलेल. जाहिरात, वेबिनारमधली आश्वासनं, परताव्याच्या अटी, पैसे भरल्याची पावती, या सगळ्याची चित्रं तारखेसह ठेवा. मग फोन बंद आणि ईमेल सुरू : अमुक तारखेला अमुक सांगितलं होतं, ते मिळालं नाही, इतक्या दिवसांत पैसे परत करा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. तिथेही हाललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. फी कार्डावर भरली असेल तर बँकेकडेही लगेच वाद नोंदवा, त्याला मुदत कमी असते. हप्त्यांवर घेतली असेल तर रागाच्या भरात हप्ता बंद करू नका, तुमच्या क्रेडिट अहवालावर डाग पडेल आणि कोर्सवाल्याचं काहीच बिघडणार नाही. वित्तकंपनीला त्याच ईमेलची प्रत पाठवा, तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव मागा, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.